पटकथेतल्या भावनेवरून कलरिस्टसाठी रंगाच्या नोट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत डीआयला, म्हणजे सिनेमाच्या रंगांवरच्या शेवटच्या कामाला, बसण्याआधी नवे दिग्दर्शक, असिस्टंट आणि कधीकधी कॅमेरामनही जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय. ती पटकथा या पानापुरती रचलेली आहे, पण तिच्यातल्या अडचणी खऱ्या आहेत.

या नोट्स कधी लिहायच्या? एडिट लॉक झाल्यावर लिहिल्या तर चालत नाही का?

दोनदा लिहायच्या. पहिल्यांदा पटकथा पक्की झाल्यावर, आर्ट आणि कॉस्च्युमची खरेदी सुरू व्हायच्या आधी. दुसऱ्यांदा एडिट लॉक झाल्यावर.

पहिली खेप महत्त्वाची का, तर कलरिस्टला फ्रेममध्ये जे आहे तेच वरखाली करता येतं. भिंत मातकट, चादर मातकट आणि साडीही मातकट असेल, तर बाई भिंतीपासून सुटी दिसावी म्हणून त्याला प्रत्येक शॉटमध्ये तिच्याभोवती विंडो, म्हणजे तेवढ्याच भागाला वेगळं करणारा आकार, काढून तो तिच्यामागे हलवत बसावं लागेल. त्यात त्याचा दिवस जाईल आणि तरीही ते चिकटवल्यासारखं दिसेल. त्याऐवजी साडी घेतानाच रंग बदलला की काम संपलं.

दुसरी खेप लागते कारण एडिटमध्ये सीन इकडचे तिकडे होतात. डोळा रंग एकटा बघत नाही, आधीच्या सीनच्या तुलनेत बघतो. ‘मागच्या सीनपेक्षा गार’ असं तुम्ही लिहिलंत आणि एडिटरने मागचा सीनच उचलून पुढे नेला, तर ती नोट खोटी ठरते. म्हणून ‘मागचा’ न लिहिता सीनचा नंबर लिहा, आणि लॉकनंतर सगळ्या तुलना पुन्हा तपासा.

पटकथेतून रंग काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिल्या वाचनात रंगाचा विचारच करू नका. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक सीनच्या समासात दोनच गोष्टी लिहा: हा सीन कुणाच्या मनातून चाललाय, आणि तो कुठल्या वाक्यावर किंवा कृतीवर वळतो. दुसऱ्या वाचनात त्या जागी खरा उजेड कुठून येणार ते लिहा. खिडकी, ट्यूब, देवापुढची समई, रस्त्यावरचा दिवा, काय असेल ते. रंगाची पाळी तिसऱ्या वाचनात येते.

आता उदाहरण. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जाणार आहे. सुमन पासष्टीची, नवरा गेल्यापासून दहा बाय बाराच्या खोलीत एकटी राहते. मुलगा नितीन लग्नानंतर ठाण्याला गेला. श्रावणात बिल्डरची नोटीस येते, दिवाळीच्या सुमाराला खोली रिकामी होते आणि शेवटचा भाग सतराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घडतो.

एवढंच ऐकलं की बहुतेक जण डोळे मिटून लिहितात: चाळ उबदार, सोनेरी, टॉवर निळा-करडा, थंड. आपल्याकडे चाळ म्हटलं की हात आपोआप पिवळ्याकडे जातो. पण समासातल्या पेन्सिलीच्या खुणा बघा. सीन 6 मध्ये सुमन पहाटे पाचला बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभी आहे आणि गुडघा धरून भिंतीला टेकते. सीन 27 मध्ये ती सॅम्पल फ्लॅट बघायला जाते आणि बाथरूममधला नळ नुसताच सोडते, बंद करते, पुन्हा सोडते. ‘आपली चाळ’, ‘आपली गॅलरी’, ‘इथली माणसं’ ही सगळी वाक्यं नितीनच्या तोंडी आहेत. म्हणजे जो चाळ सोडून गेला त्याच्या तोंडी. सुमनच्या तोंडी असं एकही वाक्य नाही.

म्हणजे ऊब नितीनची आहे. सुमनला चाळ सोनेरी दिसत नाही आणि भयाणही दिसत नाही, ती रोजची आहे. फ्लॅटचा पांढरा उजेड तिच्यासाठी सुटका आहे आणि तोच नितीनसाठी रिकामेपणा. सरसकट ‘चाळ ऊबदार, टॉवर थंड’ असा ग्रेड लावला असता, तर पटकथा एक सांगत राहिली असती आणि पडदा दुसरंच. नितीनची बाजू आपण न बोलता घेतली असती.

यातून तीन अवस्था ठरल्या. सुमनची चाळ: रंग भरलेले, पण पिवळ्याकडे झुकवलेले नाहीत, ट्यूबचा आणि भिंतीचा हिरवेपणा आहे तसा. नितीनची चाळ: थोडीच उबदार, काळे जरा मऊ, हिरवा मागे घेतलेला. फ्लॅट: स्वच्छ पांढरा, उजळ, निळा नाही. नितीन फ्लॅटमध्ये एकटा बसतो त्या सीन 41 मध्येही पांढरा पांढराच ठेवायचा. फक्त रंगांची घनता कमी आणि त्याचा चेहरा अर्धा स्टॉप खाली, म्हणजे जरा कमी उजळ.

एक पूर्ण नोट कशी दिसते?

या पटकथेतल्या दोन नोट्स जशाच्या तशा देतो.

> सीन 6. चाळीची गॅलरी, संडासाची रांग. पहाटे पाच, श्रावण, पाऊस नुकताच थांबलाय. सीन सुमनचा. सुरुवातीला सवयीचा कंटाळा. शेजारच्या सुनेला पुढे जाऊ देते, तिथून गुडघ्याचं दुखणं चेहऱ्यावर येतं. उजेड: डोक्यावर एक ट्यूब, बाहेर पावसाळी पहाट. ट्यूबचा हिरवेपणा भिंतीवर राहू दे, चेहऱ्यावर नको. सीन 5 (नितीनचं ठाण्याचं घर) पेक्षा गडद आणि सपाट. जपायचं: बादलीचा लाल. हीच बादली सीन 44 मध्ये फ्लॅटच्या बाथरूममध्ये आहे. नको: दारिद्र्य. ही बाई गरीब नाही, थकलेली आहे.

> सीन 44. फ्लॅट, बाथरूम. सकाळ, दिवाळीनंतर. सीन सुमनचा. नवखेपणा, दार आतून लावते आणि कडी बसल्याचा आवाज येतो तिथून निवांतपणा. उजेड: छतातला पांढरा एलईडी, टाइल्सवरून सगळीकडे परतणारा. पूर्ण सिनेमातला सर्वांत स्वच्छ पांढरा इथे. सीन 6 च्या बादलीचा लाल आणि इथला लाल एकच वाटला पाहिजे. नको: निळसर टाइल्स, हॉस्पिटल.

या दोन नोट्समध्ये सर्वांत जास्त काम कुठलं वाक्य करतं? माझ्या मते बादलीचं. हिरव्या ट्यूबखाली लाल तपकिरीकडे जातो आणि पांढऱ्या एलईडीखाली भडकतो. दोन सीनमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त सिनेमाचं अंतर आहे, त्यामुळे नोट नसती तर कलरिस्टने दोन्ही शॉट आपापल्या जागी छान केले असते आणि बादल्या दोन झाल्या असत्या. नोट असल्यामुळे तो सीन 6 चा स्टिल ग्रेडिंग सॉफ्टवेअरच्या गॅलरीत ठेवतो, सीन 44 ला पोचल्यावर पडदा अर्धा करून दोन्ही शेजारी लावतो आणि फक्त लालाची घनता नि छटा जुळवतो.

‘नको’ची ओळही वगळू नका. हुशार माणूस कोऱ्या जागेत कुठली चूक करेल हे तुम्हालाच ठाऊक असतं, कारण तुम्ही ती पटकथा दहा जणांना ऐकवलेली असते.

नुसतं ‘उदास’, ‘वॉर्म’, ‘ग्रिटी’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

‘उदास’ म्हटलं की निळा किंवा फिका, एवढंच हाताशी येतं. सुमनचा कंटाळा, नितीनची हुरहुर आणि रिकामी खोली या तिन्हींना तुम्ही ‘उदास’ म्हणालात तर तिन्ही सारखेच दिसतील. त्यापेक्षा भावना कुठून कुठे जाते ते लिहा आणि कशापेक्षा गार, कशापेक्षा गडद ते लिहा. ‘ग्रिटी’बद्दल तर काय बोलावं, दहा माणसांना विचारा, दहा सिनेमे सांगतील.

मग आकडे द्यावेत का? लिफ्ट, गॅमा, गेन?

नाही. तेवढाच आकडा एका कॅमेऱ्याच्या लॉग फुटेजवर वेगळा परिणाम करतो आणि दुसऱ्याच्या वेगळा. त्याच्या आधीच्या नोडमध्ये काय आहे, कलर मॅनेजमेंट कुठलं आहे, यावरही सगळं अवलंबून. तुम्ही ‘गॅमा जरा खाली’ लिहिलंत की कलरिस्ट भावनेचा विचार सोडून तुमचा आकडा खरा करत बसतो.

दोन प्रकारचे आकडे मात्र चालतात. एक, स्टॉपमधली तुलना: ‘चेहरा सीन 40 पेक्षा अर्धा स्टॉप खाली’ याचा अर्थ सगळ्यांना सारखाच लागतो. दोन, सेटवरची माहिती: कॅमेरा 3200 केल्व्हिनला होता की 5600 ला, आणि फ्रेममधला कुठला दिवा पांढरा मानला होता. सेटवर फुटेज सांभाळणाऱ्या डीआयटीने सीडीएल, म्हणजे रंगाच्या ढोबळ दुरुस्तीची छोटी फाइल, बनवला असेल तर तोही जोडा. त्यात स्लोप, ऑफसेट, पॉवर आणि सॅच्युरेशन एवढंच असतं, त्यामुळे तो कुठेही उघडतो आणि तेव्हा मॉनिटरवर काय बघून मान डोलावली होती ते कळतं. तो आज्ञा म्हणून द्यायचा नाही, माहिती म्हणून द्यायचा.

रंगांची नावं कशी लिहायची? हेक्स कोड बरा की शब्द?

शब्द, आणि सोबत वस्तू. साडीच्या दुकानात चालतात ती नावं उत्तम: अबोली, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, शेवाळी. ‘गडद लाल’पेक्षा ‘डाळिंबी’ म्हटलं की निम्मा गोंधळ कमी होतो. उरलेला निम्मा कमी करायला सुमनच्या साडीच्या ब्लाउजपीसचा तुकडा आणि भिंतीच्या ऑइलपेंटचं शेडकार्ड पाकिटात घालून डीआय रूममध्ये न्या. तिथल्या अंधारात ते बघू नका; बाहेर येऊन दिवसाउजेडी बघा, मग आत जा.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोचा उपयोग नाही. फोनने स्वतःचा व्हाइट बॅलन्स लावलेला असतो. हेक्स कोडला कलर स्पेस ठरवल्याशिवाय अर्थच नाही, आणि ठरवली तरी साडीवर ऊन आणि सावली पडली की त्या एका रंगाचे वीस रंग होतात.

चाळीच्या हिरव्या भिंतीत सीन उबदार केला की माणसं आजारी दिसतात. असं का होतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

खोलीच्या खालच्या अर्ध्या भागाला पिस्ता किंवा समुद्री हिरवा ऑइलपेंट असतो. तो चकचकीत असतो आणि खोली लहान. भिंतीवर पडलेला उजेड हिरवा होऊन माणसाच्या गालावर परततो, विशेषतः सावलीच्या बाजूला. त्यात ट्यूबच्या उजेडात हिरव्याचा उंचवटा असतोच. मग दिग्दर्शक म्हणतो, ‘नितीनचा सीन आहे, उबदार कर’, आणि पूर्ण फ्रेम पिवळ्याकडे ढकलली जाते. हिरव्यात पिवळा मिसळला की गालाची सावली काविळीसारखी होते.

ओळखायचं कसं? डोळ्यांचा पांढरा भाग आणि बनियन बघा. बनियन लिंबासारखं दिसायला लागलं तर मर्यादा ओलांडली. रंगाची छटा आणि घनता दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर त्वचेसाठी पिवळा आणि लाल यांच्यामध्ये एक रेष असते. माणूस गोरा असो, गव्हाळ असो की सावळा, त्वचेची छटा याच रेषेच्या आसपास पडते, कारण रंग मेलॅनिन आणि रक्त यांतूनच येतो. फरक असतो तो उजळपणात आणि घनतेत. फक्त चेहऱ्यावर विंडो ठेवून स्कोप बघा. ठिपके रेषा सोडून पिवळ्याच्या पलीकडे हिरव्याकडे सरकलेले दिसतील.

नितीनच्या सीन 22 मध्ये, तो माळ्यावरून आपली जुनी पत्र्याची पेटी काढतो तिथे, हे असं सोडवता येतं. आधी पूर्ण शॉट तटस्थ करायचा, बनियन खरोखर पांढरं होईपर्यंत. मग ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनच्या कर्व्हवर भिंतीचा हिरवा पकडून त्याची घनता खाली घ्यायची. मग चेहऱ्याच्या सावलीतला हिरवा मॅजेंटाने हळूच मारायचा. ऊब शेवटी आणायची आणि तीही फक्त उजळ भागात: खिडकीतून पेटीवर पडणाऱ्या संध्याकाळच्या उन्हात. सावल्या तटस्थ राहिल्या की ऊब उन्हातून आल्यासारखी वाटते, रंग फासल्यासारखी नाही. क्रम उलटा केला, आधी ऊब आणि मग दुरुस्ती, तर भिंतीचा हिरवा आणि त्वचेचा पिवळा इतके जवळ येतात की त्यातला एक रंग वेगळा निवडायला गेलं तरी दोन्ही एकत्र पकडले जातात.

याला एक मर्यादा आहे. सावळ्या चेहऱ्यावर सावलीचा भाग फार खाली गेला असेल तर तिथे रंग उरलेलाच नसतो. त्यात ऊब घालायला गेलात की तो राखाडी-लाल आणि दाणेदार होतो. तिथे कलरिस्टला दोष देऊ नका. शूटलाच भिंतीच्या बाजूने पांढरा थर्माकोल लावून घ्यायचा होता. म्हणून पहिल्या खेपेच्या नोट्स कॅमेरामनच्या हातातही पडल्या पाहिजेत.

एकाच खोलीला दोन ग्रेड दिले तर प्रेक्षकाला चूक वाटणार नाही का?

वाटेल, जर फरक छटेत केला तर. भिंत एका सीनमध्ये हिरवी आणि दुसऱ्यात पिवळी दिसली की लोकांना वाटतं खोली बदलली. फरक घनतेत, कॉन्ट्रास्टमध्ये आणि काळ्याच्या मऊपणात करा. भिंतीची छटा तीच राहू द्या. सुमन आणि नितीन दोघंही असलेल्या सीनमध्ये ग्रेड मध्येच बदलू नका. सीन ज्याचा, त्याचा ग्रेड. नोटमध्ये सीन कुणाचा ते लिहायला लावतो ते यासाठीच.

मुंबईची रात्र निळी करायची का?

अंधारात आपला डोळा निळ्याला जास्त आणि लालला कमी प्रतिसाद देतो, म्हणून चांदण्यातली रात्र निळसर वाटते. पण हे खरोखरच्या अंधारात. गिरगावात खरा अंधार कुठे आहे? तिथली रात्र रस्त्यावरच्या दिव्याच्या रंगाची असते.

आणि तो दिवा कुठल्या काळातला हे पटकथेवरून ठरवावं लागतं. मुंबईचे रस्ते अनेक वर्षं सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचे होते, मग पांढरे एलईडी आले. मरीन ड्राइव्हवर 2015 मध्ये हे दिवे बदलले तेव्हा केवढा वाद झाला होता. आपल्या पटकथेत सुमनचा नवरा जिवंत असतानाचा, 1994 चा एक रात्रीचा फ्लॅशबॅक आहे, गॅलरीतला. तिथे सोडियमच हवा.

यात एक खाच आहे. हाय प्रेशर सोडियमचा दिवा सुमारे 2000 केल्व्हिनचा, आणि त्यात निळा जवळजवळ नसतो. त्याच्याखाली हिरव्या बांगड्या हिरव्या दिसत नाहीत, मातकट दिसतात. निळा शर्ट काळपट होतो. आता शूट मात्र एलईडी लाइटवर सोडियमचा रंग लावून होतं, आणि त्या उजेडात थोडा निळा-हिरवा शिल्लक राहतो. बांगड्या पडद्यावर झळकतात आणि ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना काहीतरी खोटं वाटतं, काय ते सांगता येत नाही. म्हणून नोट अशी: ‘सीन 17. दिवा नारिंगी करू नकोस, तो आहेच. बाकीचे रंग त्याच्यात बुडव. बांगड्यांचा हिरवा जवळजवळ विझलेला.’ नवरा आत जाऊन चाळीची ट्यूब लावतो तेव्हा त्याच बांगड्या दारातून हिरव्या दिसतात. सीनचं वळण तेच आहे.

दिवाळीच्या सीनमध्ये आकाशकंदील म्हणजे नुसता लाल गोळा दिसतो. ग्रेडमध्ये सुटेल?

बहुतेक वेळा नाही. कंदिलात रंगीत एलईडी असेल तर लालचा एकच चॅनल भरून वाहतो आणि बाकी दोन जवळजवळ रिकामे असतात. कागदाचे पदर, काड्या, शेपट्या, सगळं त्या सपाट लालमध्ये गेलेलं असतं. वेव्हफॉर्मवर एकत्रित ब्राइटनेस ठीक दिसतो, म्हणून सेटवर लक्षात येत नाही. आरजीबी परेड लावलीत तर लालची पट्टी वर कापलेली दिसते.

ग्रेडमध्ये घनता खाली घेऊन किंवा गॅमट कॉम्प्रेशन लावून कडा थोड्या सोडवता येतात, एवढंच. इलाज शूटवर आहे: रंगीत बल्बऐवजी आत साधा उबदार पांढरा बल्ब डिमरवर लावायचा आणि रंग कागदालाच देऊ द्यायचा. पहिल्या खेपेच्या नोट्समध्ये आर्टवाल्यांसाठी ही ओळ घाला.

एडिटला लावलेल्या एलयूटीची, म्हणजे तात्पुरत्या तयार लूकचीच सवय झालीय, आता दुसरं काही आवडत नाही. काय करायचं?

तोच लूक महिनोन् महिने बघितला की तोच सिनेमा वाटायला लागतो. दिग्दर्शक डीआयला येतो आणि म्हणतो, ‘दादा, एडिटला होतं तसं कर ना.’ पण ती एलयूटी सगळ्या सीनवर एकसारखी लावलेली असते. सुमन-नितीनमधला फरक तिला ठाऊक नसतो.

तडजोड अशी करा की त्या टेम्प लूकमधले आवडलेले तीन-चार शॉट वेगळे काढा आणि प्रत्येकात नेमकं काय आवडतं ते नोटमध्ये लिहा. बऱ्याचदा ते काळ्यातला मऊपणा किंवा त्वचेची घनता एवढंच निघतं, आणि तेवढं कलरिस्टला सहज देता येतं. इतर सिनेमांच्या संदर्भचित्रांनाही हाच नियम: मोजकी द्या आणि प्रत्येकाखाली ‘यातली सावली बघ’ किंवा ‘यातली त्वचा बघ’ असं लिहा. चाळीस चित्रांचं फोल्डर दिलं तर कलरिस्ट सरासरी काढतो.

निर्माता फोनवर लिंक बघून ‘फार अंधार आहे’ म्हणतो. त्याचं ऐकायचं का?

आधी विचारा, कुठे बघितलं. दुपारी विरार लोकलमध्ये खिडकीशी उभं राहून बघितलेल्या सीन 6 चं मत धरू नका. फोनचा नाइट मोड आणि आपोआप रंग बदलणारं सेटिंग चालू असेल तर रंगाबद्दलचंही धरू नका.

थिएटरचा ग्रेड अंधाऱ्या खोलीत, पांढरा सुमारे 48 निट्स धरून होतो. टीव्ही आणि ओटीटीच्या नेहमीच्या एसडीआर प्रतीसाठी रेक 709 या टीव्हीच्या रंगमानकात पांढरा 100 निट्सचा धरतात आणि आजूबाजूला थोडा उजेड असतो. त्यामुळे थिएटरसाठीच्या ग्रेडवर कलरिस्ट दुसरी प्रत करताना एक ट्रिम पास देतो. त्यासाठी नोट्समध्ये एकच गोष्ट लिहून ठेवा: कुठल्या सीनमध्ये काय दिसलंच पाहिजे. सीन 6 मध्ये गुडघ्यावरचा हात दिसला पाहिजे. मागची रांग बुडाली तरी चालेल. मग तो सगळे काळे वर उचलत नाही, फक्त हातापुरता उजेड देतो.

पण निर्मात्याने घरच्या टीव्हीवर, दिवे मंद करून बघितलं आणि तरीही हात दिसला नाही म्हणाला, तर ऐका.

कॅमेरामन आणि दिग्दर्शक वेगळं सांगतात. नोट कुणाची धरायची?

डीआय रूममध्ये ठरवायला बसू नका, तिथे तासाचे पैसे लागतात. एक अख्खी रील लावण्याआधी सहा-सात शॉट निवडा: दोन सुमनच्या चाळीचे, दोन नितीनच्या, एक फ्लॅटचा, एक फ्लॅशबॅकचा आणि ज्या शॉटवर भांडण आहे तो. पहिल्या बैठकीत तेवढेच ग्रेड करून घ्या आणि दोघांनाही एकाच वेळी, एकाच पडद्यावर दाखवा. मध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर जाऊन या, कारण डोळा कुठल्याही रंगाला सरावतो आणि मग पिवळाही पांढरा वाटतो.

तिथे जे ठरेल ते त्याच संध्याकाळी नोट्समध्ये तारखेसह दुरुस्त करा, जुनी ओळ खोडून टाका आणि स्टिलचा नंबर सीनच्या नंबरापुढे लिहा. दोन आवृत्त्या फिरत राहिल्या की असिस्टंट जुनी प्रत उघडतो आणि तिसऱ्या रीलला फ्लॅट पुन्हा निळा होऊन बसतो.